घरी कधी सांगणार? अनेक वर्षांच्या नात्यात लग्नाचा विषय टाळणाऱ्या जोडीदाराशी कसे बोलावे

रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास निखिलच्या आईचा नाशिकहून व्हिडिओ कॉल येतो. फोन वाजला की मानसी खुर्ची मागे सारून उठते आणि जाताना टेबलावरचा स्वतःचा चहाचा कपही उचलून नेते, कारण एकट्या राहणाऱ्या मुलाच्या टेबलावर दोन कप कसे, असा प्रश्न त्याच्या आईला पडायला नको. असे करायला तिला कोणी सांगितलेले नाही. सहा वर्षांत ते आपोआप अंगवळणी पडले आहे.

मानसी आणि निखिल ही नावे सोयीसाठी घेतली आहेत आणि त्यांची हकिकत माझ्यासमोर बसून बोललेल्या दोन-तीन जोड्यांच्या हकिकतींवरून जुळवली आहे. ती 31 वर्षांची, मूळची साताऱ्याची. तो 33 वर्षांचा, नाशिकचा. दोघेही पुण्यात नोकरी करतात, दोघांची जात वेगळी आहे. मित्रमंडळींना सगळे ठाऊक आहे. निखिलच्या घरी मात्र मानसी म्हणजे ‘ऑफिसमधली मैत्रीण’. लग्नाचा विषय निघाला की तो कधी नाही म्हणत नाही. तो म्हणतो, “बघू.”

आपल्याकडे नात्याला नाव मिळते ते दोघांच्या खोलीत नव्हे, तर घरच्यांसमोर. त्यामुळे एकमेकांना ‘आपण नक्की कोण आहोत’ असे कितीही वेळा विचारले तरी त्याचे उत्तर शब्दांत मिळते आणि शब्दांतच राहते. ‘तुझे माझ्यावर प्रेम आहे का’ या प्रश्नाला निखिल मनापासून हो म्हणेल आणि त्यात खोटेही काही नसेल. ‘लग्न कधी करायचे’ हा प्रश्न इतका लांबचा आहे की त्यावर ‘बघू’ सहज खपून जाते. या दोहोंच्या मधला प्रश्न आहे ‘घरी कधी सांगणार’, आणि टाळाटाळ नेमकी तिथे दडलेली असते. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नाभोवती आहेत. अर्थात दोघांनाही लग्न नको असेल आणि तसे दोघांनी मोकळेपणाने ठरवले असेल, तर हा लेख त्यांच्यासाठी नाही. एकाला लग्न हवे आहे आणि दुसरा हो किंवा नाही यापैकी काहीच म्हणत नाही, अशांसाठी तो आहे.

आधी स्वतःचे उत्तर, मग तारखांचा हिशेब

जोडीदाराशी बोलण्याआधी स्वतःला हे विचारावे की त्याने आज रात्री हो म्हटले, तर उद्या सकाळी मी माझ्या घरी फोन करीन का? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. मानसीला तो विचारला तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली, कारण साताऱ्याला तिनेही काही सांगितलेले नव्हते. आई सांगलीचे एखादे स्थळ सुचवायची आणि ही ‘प्रमोशन होऊ दे’ म्हणून वेळ मारून न्यायची. म्हणजे जी तक्रार तिला निखिलबद्दल होती, तीच थोड्या फरकाने तिच्याबद्दलही करता आली असती. आपली बाजू झाकलेली ठेवून दुसऱ्याकडे उघडपणा मागितला की संभाषण पहिल्या पाच मिनिटांतच ‘तू तरी कुठे सांगितलेस’ या वळणावर जाते आणि तिथेच संपते. म्हणून शक्य असेल तर आधी आपल्या घरी निदान एका माणसाला, आईला, मोठ्या बहिणीला किंवा एखाद्या समंजस काकूला, सांगून ठेवावे. जिथे घरच्यांकडून मारहाण, कोंडून ठेवणे किंवा जबरदस्तीने लग्न लावणे यांची खरी भीती आहे, तिथे मात्र हा सल्ला लागू नाही. तिथे आधी राहण्याची सुरक्षित सोय आणि कायद्याचा सल्ला, मग बाकीचे.

दुसरे काम वहीतले आहे. लग्नाचा विषय कधी कधी निघाला आणि त्या वेळी कोणते कारण पुढे आले, हे आठवेल तसे तारखांसह लिहून काढावे. उद्देश भांडणात पुरावे फेकण्याचा नाही, आपल्यालाच चित्र दिसावे इतकाच आहे. मानसीच्या वहीत असे निघाले: 2021 मध्ये कारण होते ‘आधी ताईचे लग्न होऊ दे’. 2022 च्या मे महिन्यात ताईचे लग्न झाले. त्यानंतरचे कारण होते ‘फ्लॅटचे एकदा मार्गी लागू दे’, आणि 2023 च्या दसऱ्याला फ्लॅटचा ताबा मिळाला. मग वडिलांची बायपास झाली, तेव्हा अर्थातच कोणी विषय काढला नाही, आणि ते बरे होऊन पुन्हा सकाळचे फिरायला जाऊ लागल्यानंतर कारण आले की ‘मला लग्नसंस्थेवरच फारसा विश्वास राहिलेला नाही’.

या यादीतले प्रत्येक कारण सुटे पाहिले तर खरे आणि रास्त आहे. बघायचे ते एवढेच की एखादे कारण संपल्यावर काय झाले. खरी अडचण असेल तर ती दूर झाल्यावर माणूस आपण होऊन एक पाऊल पुढे येतो; बहिणीचे लग्न झाल्यावर दोन महिन्यांत ‘आता आईशी बोलतो’ असे वाक्य त्याच्याच तोंडून निघते. अडचण हा आडोसा असेल तर ती सरल्यावर काही काळ शांतता असते आणि तुम्ही विषय काढलात की नवे कारण उभे राहते. दोनदा असे झाले तर योगायोग म्हणता येईल. तिसऱ्यांदा झाले की कारणांवर उपाय शोधत बसण्यात अर्थ उरत नाही. मानसी दोन वर्षे नेमके तेच करत होती. त्याच्या गृहकर्जाच्या हप्त्यांचे गणित ती मांडून देत होती, त्याच्या वडिलांसाठी पुण्यातला हृदयरोगतज्ज्ञ शोधत होती. प्रत्येक कारण तिने खरे मानून सोडवले आणि मूळ प्रश्न तिथेच राहिला.

टाळण्यामागे काय आहे, हे कसे ओळखावे

टाळणारा प्रत्येक जण फसवणारा असतो असे मानणे चुकीचे आणि निरुपयोगीही आहे. माझ्या पाहण्यात चार गोष्टी पुन्हा पुन्हा येतात आणि प्रत्येकीची खूण वेगळी असते.

पहिली म्हणजे घरच्यांची भीती: जात, पत्रिका, आईचा स्वभाव, ‘लोक काय म्हणतील’, धाकट्या भावंडांची लग्ने. ही ओळखण्यासाठी त्याला विचारावे की, समजा उद्या सांगायचे ठरले, तर आईला पहिले वाक्य काय बोलशील आणि ती काय म्हणेल? ज्याच्या मनात भीती असली तरी इरादा आहे, त्याने हे संभाषण मनातल्या मनात पन्नास वेळा केलेले असते. तो लगेच सांगतो की आई रडेल, बाबा दोन दिवस बोलणार नाहीत, नाशिकरोडच्या आत्याला मध्ये घातले तर जमेल. ज्याने असा विचारच केलेला नाही, त्याला पहिले वाक्यही सुचत नाही. या एका प्रश्नाने जितके कळते तितके महिनाभराच्या वादावादीने कळत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे लग्न या गोष्टीचीच भीती. आईवडिलांचा संसार डोळ्यांदेखत मोडलेला असतो किंवा मोडायला हवा होता तरी ओढत चाललेला असतो. असा माणूस लग्नाला बिचकतो, पण नात्याला बिचकत नाही. तो तुमची ओळख घरी, ऑफिसात, शेजारी उघडपणे करून देतो, आजारपणात रुग्णालयाच्या फॉर्मवर स्वतःचे नाव लिहितो, पाच वर्षांनंतरच्या बेतांत ‘आपण’ म्हणतो. लग्नसंस्थेवर विश्वास नाही असे म्हणणारा जोडीदार आईच्या व्हिडिओ कॉलपासून तुम्हाला लपवत असेल, तर त्याला अडवणारी गोष्ट लग्नसंस्था नव्हे.

तिसरी गोष्ट सांगायला सर्वांत अवघड, म्हणून सर्वांत जास्त झाकली जाते: त्याला तुमच्याबद्दलच खात्री नाही. सोबत आवडते, सवय झाली आहे, तोडण्याइतके वाईट काहीच नाही, पण निवडही केलेली नाही. अमेरिकेतील स्कॉट स्टॅन्ले, गेलिना ऱ्होड्स आणि हॉवर्ड मार्कमन या संशोधकांनी 2006 मध्ये एक फरक मांडला: काही जोडपी पुढचे पाऊल ठरवून टाकतात, तर काही नकळत त्यात घसरत जातात, आणि एकत्र राहू लागल्यावर सामायिक घर, पैसा, मित्र यांचे वजन इतके वाढते की पटो न पटो, बाहेर पडणेच कठीण होऊन बसते. आपल्याकडे या घसरत जाण्याला गाडी पुढच्या स्टेशनावर नेऊन पोहोचवणारे घरचे लोकही नसतात, कारण त्यांना काही माहीतच नसते. मग नाते तसेच दहा वर्षे सायडिंगला उभे राहते. याची खूण बोलण्यात सापडते. बदली, परदेशातली नोकरी, नवी गाडी अशा विषयांत त्याची वाक्ये ‘मी’ने सुरू होतात आणि ‘मी’नेच संपतात.

चौथी शक्यता म्हणजे घरी काही वेगळेच चालू आहे. कित्येक घरांत मुलाचा बायोडेटा आईने किंवा मामाने ज्ञातीच्या व्हॉट्सॲप गटांवर आणि विवाहसंस्थांमध्ये फिरवलेला असतो, मुलगा सुटीत गावी गेला की एखादा कांदेपोह्यांचा कार्यक्रम ‘आईच्या समाधानासाठी’ उरकला जातो, आणि पुण्यात परतल्यावर याची वाच्यता होत नाही. हे चोरून शोधत बसू नये, सरळ विचारावे, “तुझा बायोडेटा घरच्यांनी कुठे दिला आहे का? गेल्या वर्षभरात तू कुणाला बघायला गेला होतास का?” उत्तर हो असेल तर तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये, कारण घाबरट माणूसही आईला नाही म्हणू शकत नाही. पण उत्तर आधी नाही असे आले आणि पुढे हो निघाले, तर मात्र टाळाटाळीचे खोटेपणात रूपांतर झालेले असते आणि पुढच्या पायऱ्या त्या हिशेबाने घ्याव्या लागतात.

प्रत्यक्ष बोलणे

हा विषय बहुधा सर्वांत वाईट वेळी निघतो: मैत्रिणीच्या लग्नाहून परतताना गाडीत, रात्री बाराला, किंवा आईने नवे स्थळ सुचवल्याचा राग मनात असताना. अशा वेळी एक जण मागे लागतो, दुसरा आणखी मागे सरकतो, तो मागे सरकला म्हणून पहिला आवाज चढवतो आणि हेच चक्र दर तीन महिन्यांनी फिरत राहते. ते मोडायचे असेल तर वेळ आधी सांगून ठरवावी. बुधवारी सांगावे की, “रविवारी सकाळी मला आपल्या लग्नाबद्दल बोलायचे आहे, तासभर लागेल, तू विचार करून ये.” यात अचानकपणा राहत नाही, आणि ‘तू मला एकदम गाठलेस’ ही पळवाटही राहत नाही. व्हॉट्सॲपवर हा विषय मांडू नये, कारण तिथे दोन निळ्या खुणा आणि गप्प बसणे हेही उत्तर ठरते. राग आला की अंगावर येणारा किंवा वस्तू फेकणारा जोडीदार असेल, तर बंद घरात एकटीने हे बोलणे करूच नये.

बोलायची वाक्ये थोडी आणि स्वतःबद्दलची असावीत. मानसीने पाच-सहा वेळा खाडाखोड करून शेवटी एवढेच ठरवले: “मला तुझ्याशी लग्न करायचे आहे. तुला माझ्याशी करायचे आहे का, हे मला तुझ्या तोंडून ऐकायचे आहे. आज सांगता येत नसेल, तर नेमके काय ठरवायचे राहिले आहे आणि त्याला किती दिवस लागतील, ते सांग.” यात ‘तू कधीच’, ‘तू नेहमी’ असे शब्द नाहीत आणि वहीतली यादीही नाही. यादी स्वतःसाठी होती.

यावर उत्तरे साधारण ठरलेली येतात, म्हणून त्यांची तयारी ठेवावी. “आत्ता आहे तसे काय वाईट चालले आहे?” असे तो म्हणाला, तर ‘तुझ्यासाठी चांगले आहे, माझ्यासाठी नाही, तुझ्या आईचा फोन आला की मी कप उचलून आत जाते’ असे एकच प्रसंग घेऊन सांगावे. दहा प्रसंग सांगितले की त्यातला सर्वांत दुबळा पकडून तो वाद घालतो. “तुझा माझ्यावर विश्वास नाही का?” हा प्रश्न विषयाला बगल देतो, त्याला ‘विश्वास आहे, म्हणूनच सरळ विचारते आहे’ एवढे म्हणून मूळ प्रश्नावर परत यावे. “दबाव आणू नकोस” हे मात्र गांभीर्याने घ्यावे, कारण कधी कधी ते खरे असते. त्यावर म्हणावे की, “उत्तर काय असावे, हे मी ठरवत नाही. उत्तर असावे, एवढेच म्हणते आहे.” आणि ‘बघू’ आले तर शांतपणे, टोमणा न मारता विचारावे की, “काय बघू, आणि कधीपर्यंत?” इथे गप्प राहता आले पाहिजे. बहुतेक जणी ती शांतता असह्य होऊन स्वतःच उत्तर पुरवतात, ‘म्हणजे बाबांची तब्येत आहे, मला कळते’, आणि समोरचा कृतज्ञतेने मान हलवतो. मानसीने हे पूर्वी तीन वेळा केले होते. या वेळी तिने पाण्याचा ग्लास हातात धरून ठेवला. सुमारे दोन मिनिटांनी निखिल म्हणाला, “मला आईशी बोलायची भीती वाटते.” सहा वर्षांत हे वाक्य पहिल्यांदाच बोलले गेले.

पाऊल छोटे, पण तारीख पक्की

त्या दिवशी लग्नाची तारीख मागू नये. एक असे पाऊल ठरवावे जे घडले की नाही, याबद्दल दोघांत दुमत होऊ शकणार नाही. ‘मी प्रयत्न करीन’, ‘हळूहळू विषय काढतो’ ही पावले नव्हेत. ‘अमुक तारखेच्या शनिवारी नाशिकला जाऊन आईबाबांना सांगतो की मला मानसीशी लग्न करायचे आहे’ हे पाऊल आहे. त्यांची संमती मिळवणे हा पावलाचा भाग नाही, कारण ती त्याच्या हातात नाही; सांगणे त्याच्या हातात आहे. मुदत चार ते सहा आठवड्यांची पुरते. त्याहून लांबची तारीख विसरली जाते आणि आठ दिवसांत माणूस मनाची तयारी करू शकत नाही.

तारीख सणावारी ठेवू नये. ‘गणपतीत घरी जातोच आहे, तेव्हा सांगतो’ हे ऐकायला छान वाटते, पण गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेले असते आणि आईवडील दहा मिनिटेही एकटे सापडत नाहीत. शिवाय विसर्जन झाले की लगेच पितृपक्ष लागतो आणि ‘या दिवसांत असले काही बोलत नाहीत’ हे कारण तयार असते. एकूण पंचांग या बाबतीत फारच उदार आहे: चातुर्मास, पितृपक्ष, पौष, अधिक महिना, गुरू-शुक्राचा अस्त. मुहूर्त लग्नाला लागतो, आईशी बोलायला लागत नाही. म्हणून ज्या आठवड्यात काहीच नाही असा साधा शनिवार निवडावा.

पुढचे पाऊलही अंदाजाने बोलून ठेवावे: त्याने सांगितल्यानंतर तीन महिन्यांच्या आत दोन्ही घरच्यांची एक भेट. तिला बैठक किंवा बोलणी म्हणायची गरज नाही, चहाचे निमित्त चालते. घरच्यांनी ठाम विरोध केला तर काय, हेही आधीच बोलावे. पुष्कळ जण ‘नाहीतर रजिस्टर लग्न केव्हाही करता येईल’ असे म्हणून हा विषय मिटवतात. ते केव्हाही करता येत नाही. 1954 च्या विशेष विवाह कायद्यानुसार दोघांपैकी निदान एक जण ज्या जिल्ह्यात सलग 30 दिवस राहिलेला आहे, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते, ती नोटीस लावली जाते, त्यानंतर 30 दिवस थांबावे लागते, लग्नाच्या वेळी तीन साक्षीदार लागतात, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झाले नाही तर नव्याने नोटीस द्यावी लागते. म्हणजे त्यालाही तारीख ठरवावीच लागते. ‘विरोध झाला तर किती महिने समजूत घालायची आणि त्यानंतर नोटीस द्यायची का’ या प्रश्नावर जोडीदार जे बोलतो, त्यावरून त्याच्या भीतीची खोली कळते.

शेवटी, तारीख चुकली तर आपण काय करणार हे बोलण्याआधीच स्वतःशी ठरवलेले असावे आणि ते आपल्याला खरोखर झेपणारे असावे. ‘मी तुला सोडून जाईन’ असे म्हणून न जाणे हे काहीच न म्हणण्यापेक्षा वाईट, कारण त्यानंतरची प्रत्येक मुदत पोकळ ठरते. मानसीने ठरवले होते की तारीख चुकली तर शनिवार-रविवार त्याच्या फ्लॅटवर राहणे बंद करायचे. तिने हे त्याला एकदाच, साध्या आवाजात सांगितले आणि मधल्या पाच आठवड्यांत विषय पुन्हा काढला नाही. रोज आठवण करून देणारी व्यक्ती नकळत त्याच्या कामाची जबाबदारी स्वतःकडे घेते.

मधल्या काळात पैसा आणि कागद

निखिलच्या फ्लॅटच्या हप्त्यासाठी मानसी दोन वर्षे दरमहा 15,000 रुपये त्याच्या खात्यात टाकत होती. म्हणजे 3,60,000 रुपये, आणि करारनाम्यावर नाव एकट्या निखिलचे. यात त्याची लबाडी नव्हती. कर्जाच्या वेळी ‘दोघांचे नाव टाकले तर घरी काय सांगू’ असा प्रश्न होता आणि तिने तो मान्य केला होता. नात्याला नाव नसल्याची किंमत अशी चोरपावलांनी येते. नियम सोपा ठेवावा: ज्या मालमत्तेच्या कागदावर आपले नाव नाही, तिच्या हप्त्यात पैसे घालू नयेत. घरभाडे, किराणा, वीज हे वाटून घेणे वेगळे. आधीच पैसे दिले असतील तर ते बँकेतूनच गेलेले असावेत, आणि ते उसने होते की घरातला हिस्सा, हे दोघांनी ईमेलवर किंवा कागदावर लिहून ठेवावे. संबंध चांगले असताना हे लिहिणे विचित्र वाटते, पण बिघडल्यावर ते लिहायला कोणी बसत नाही.

कायदा कुठवर साथ देतो याबद्दल दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. एकत्र राहणाऱ्या स्त्रीला 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचे संरक्षण मिळू शकते, कारण त्यात विवाहासारख्या स्वरूपाच्या नात्याचाही समावेश आहे. मात्र असे नाते कोणते, हे ठरवताना सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये जे निकष सांगितले, त्यांत दोघांनी समाजासमोर पती-पत्नीप्रमाणे वावरलेले असणे हा एक आहे. म्हणजे जे नाते सहा वर्षे लपवले गेले, त्याची बाजू कायद्यातही तिथेच लंगडी पडते. वारसाहक्काचेही तसेच: लग्न न झालेला जोडीदार हिंदू उत्तराधिकार कायद्यात वारस नाही, त्याला काही मिळायचे तर मृत्युपत्र लागते, नुसते नॉमिनी म्हणून नाव असून भागत नाही.

दुसरे टोक म्हणजे पोलिसांत जाण्याची भाषा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम 69 हे लग्न करण्याचा इरादाच नसताना तसे वचन देऊन ठेवलेल्या शरीरसंबंधांबाबत आहे आणि त्यात दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण सुरुवातीपासून खोटे असलेले वचन आणि खऱ्या मनाने दिलेले पण पुढे न पाळलेले वचन, यांत सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात स्पष्ट फरक केलेला आहे. सहा वर्षे ‘बघू’ म्हणणारा माणूस बहुधा दुसऱ्या गटातही बसत नाही, कारण त्याने वचनच दिलेले नसते. खरी फसवणूक झाली असेल तर वकिलाला अवश्य भेटावे; लग्नाला तयार करण्याचे हत्यार म्हणून या कलमाचे नाव घेऊ नये.

तारीख उलटल्यावर

ठरलेल्या शनिवारी निखिल नाशिकला गेला. रात्री दहाला त्याचा निरोप आला: “बाबांचा मूड ठीक नव्हता. पुढच्या वेळी नक्की.” अशा वेळी दोन चुका होतात. एक म्हणजे त्याच रात्री फोनवर भांडण काढणे, ज्यामुळे चर्चा त्याने काय केले नाही यावरून आपण काय बोललो यावर सरकते. दुसरी म्हणजे ‘ठीक आहे, पुढच्या महिन्यात’ म्हणून स्वतःच नवी तारीख देणे. मानसीने दुसऱ्या दिवशी एवढेच कळवले की, “तू सांगितले नाहीस, हे समजले. ठरल्याप्रमाणे मी शनिवारी येणार नाही.” आणि ती गेली नाही.

तिसऱ्या आठवड्यात तो तिच्या खोलीवर आला आणि बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून म्हणाला, “मी तीन वेळा बोलायला बसलो, पण मला काय सांगायचे आहे तेच मला कळत नाही.” भीती आईची आहे, असे दोघेही धरून चालले होते. त्या भीतीखाली वरच्या चारांतली तिसरी गोष्ट निघाली: त्याला तिच्याबद्दलच खात्री नव्हती. तिने विचारले, “आईने उद्या हो म्हटले तर तुला आनंद होईल का?” त्याने उत्तर द्यायला जो वेळ घेतला, तो पुरेसा होता. अशा क्षणी ‘मग सहा वर्षे काय करत होतास’ हा प्रश्न तोंडावर येतो आणि तो रास्तही आहे, पण त्याला उत्तर नसते. त्यापेक्षा कामाचे प्रश्न विचारून घ्यावेत: पैसे कधी आणि कसे परत येणार, सामायिक मित्रांना काय सांगायचे, किती काळ संपर्क ठेवायचा नाही. पैशांबाबत त्याने दरमहा 20,000 रुपयांप्रमाणे 18 महिन्यांत परतफेड करायचे ईमेलवर लिहून दिले आणि ते तो पाळतो आहे. आरोग्य विम्याच्या तातडीच्या संपर्कात, ऑफिसच्या नोंदीत आणि बँकेच्या नॉमिनीत त्याचे नाव होते तिथे तिने धाकट्या भावाचे टाकले. ही तीन ठिकाणे हमखास विसरली जातात.

वेगळे झाल्यावर साधारण दोन-तीन महिन्यांत एक फोन येतो. एकटेपणाची पहिली झळ लागते, दिवाळी किंवा वाढदिवस जवळ येतो आणि तिकडून ‘मी घरी सांगतो, तू परत ये’ असे म्हटले जाते. तो फोन खोटा असतो असे नाही. परंतु तिथे क्रम बदलू देऊ नये: आधी सांगणे, मग परत येणे. परत आल्यावर सांगतो म्हणणाऱ्याची निकड परत आल्या क्षणी संपलेली असते आणि दोघे पुन्हा त्याच टेबलाशी येऊन बसतात. सांगून झाले असेल तर ते तपासणेही सोपे आहे, कारण त्यानंतर पुढचा फोन त्याच्या आईचा येऊ शकतो, मग तो रागाचा का असेना.

निखिलचा फोन वसुबारसेच्या संध्याकाळी आला. मानसी म्हणाली, “आईशी बोल आणि मग मला फोन कर, मी उचलीन.” त्यानंतर तिने साताऱ्याची गाडी पकडली आणि लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, पाहुणे पांगल्यावर, स्वयंपाकघरात आईला सहा वर्षांची सगळी हकिकत सांगितली. सांगलीच्या स्थळाला आता काही कळवू नकोस, असेही सांगितले. निखिलचा दुसरा फोन अजून आलेला नाही.